दुधाच्या बाटलीवरचा पांढरा थर पुन्हा पुन्हा का येतो आणि तो काढायचा कसा

बाटली साबणाने घासली, उकळली, उपडी घालून वाळवली, आणि सकाळी बघावं तर आतून पुन्हा धुरकट. परत ओली केली की स्वच्छ दिसते, वाळली की पांढरी. बुचाला, म्हणजे बाळाच्या तोंडात जाणाऱ्या निपलला, दातेरी कडेशी पिवळसर रेघ, आणि नाकाशी नेलं की शिळ्या दुधाचा अगदी हलका वास. लहान बाळ असलेल्या घरांतून ही तक्रार मी सतत ऐकते. बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो : आणखी साबण, आणखी जोर, आणखी उकळणं. थर जातो आणि आठवड्याभरात परत येतो.

तो परत येतो, कारण बहुतेक वेळा तो एक थर नसतो. खाली पाण्यातला चुना असतो आणि त्याला धरून दुधाची चरबी आणि प्रथिनं बसलेली असतात. चरबी आणि प्रथिनं साबणाला दाद देतात, चुना देत नाही. चुना आंबट पदार्थाला दाद देतो, पण त्यावर चरबी असेल तर आंबट पाणी चुन्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय दूध असलेल्या जागी आधी आंबट घातलं तर दूध तिथेच फाटतं आणि त्याचे कण जास्तच चिकटतात. म्हणून सगळा प्रश्न क्रमाचा आहे. साबण आधी, आंबट नंतर. दुधाच्या डेअऱ्यांतली यंत्रं आणि नळ्या धुतानाही आधी अल्कलीने आणि मग आम्लाने धुण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने. तिथली रसायनं तीव्र असतात आणि ती घरात कधीच आणायची नाहीत, क्रम तेवढा घ्यायचा.

आधी ओळखा, थर कशाचा आहे

बाटली पूर्ण कोरडी करा आणि खिडकीच्या उजेडात धरा. स्वच्छ बोट आत फिरवा. बोट घसरलं, ओशट लागलं, तर ती चरबी. धुताना पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा साबण कमी पडला. दुधातली चरबी साधारण अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानाला वितळते, त्यामुळे नळाच्या गार पाण्याने कितीही घासलं तरी ती नुसती इकडून तिकडे पसरते.

बोट खरखरीत लागलं, ओशटपणा नाही, आणि ओली केल्यावर थर दिसेनासा होत असेल तर चुन्याचा संशय धरा. पिवळसर, कडक, नखाने खरवडल्यावर सालीसारखी निघणारी रेघ म्हणजे प्रथिनं. ही बहुतेक बाटलीच्या गळ्याशी, आट्यांमध्ये आणि बुचाच्या कड्याखाली सापडते. बाटली थेट कढत पाण्याने विसळली की असं होतं. दुधातली काही प्रथिनं सत्तर अंशांच्या पुढे आपला आकार सोडतात आणि ज्या पृष्ठभागावर असतील तिथेच घट्ट बसतात. दूध तापवलेल्या टोपाच्या बुडाला जो थर धरतो, तो आठवा.

एक चौथी शक्यता लोक विसरतात. पॉलिप्रॉपिलीनची बाटली मुळातच काचेसारखी पारदर्शक नसते, ती नवीन असतानाही थोडी दुधाळ दिसते. आणि जुन्या बाटलीला ब्रशचे बारीक ओरखडे पडलेले असतात. ब्रश जिथे फिरतो तिथेच उभ्या-आडव्या धुरकट रेषा दिसत असतील, आणि साबण व आंबट दोन्ही करूनही त्या तशाच राहत असतील, तर तो थर नाही, प्लास्टिक झिजलं आहे. अशी बाटली बदलायची. ओरखड्यांत दूध अडकतं आणि तिथे ब्रशही पोचत नाही.

मांद्र्याच्या घरातली बाटली

माझी मावसबहीण गोव्याच्या पेडणे तालुक्यात मांद्र्याला दिलेली. बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध सुरू झालं आणि काही दिवसांत तिचा फोन आला. "ताई, बाटल्या रोज उकळतो, तरी पांढऱ्याच. सासूबाई म्हणतात मीठ घालून घास, शेजारीण म्हणते तांदूळ घालून हलव. काय करू?"

मी गेले तेव्हा ओट्यावर टोपात बाटल्या पाण्यात बुडालेल्या होत्या. सासूबाई सकाळी उकळायच्या आणि लागेल तशी बाटली त्यातून काढायच्या. पाणी आटलं की वरून भर घालायची, ओतून टाकायचं नाही. टोपाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पांढरी रेघ होती, नखाने खरवडता येईल एवढी जाड.

घरात दोन पाणी होती. सकाळी येणारं पीडब्ल्यूडीचं नळाचं, आणि टाकीत चढवलेलं बोअरचं. स्वयंपाकघराचा नळ टाकीवर. मी दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या, एकीत एक चमचा नळाचं पाणी, दुसरीत एक चमचा बोअरचं, आणि पंख्याखाली वाळू दिलं. नळाच्या पाण्याचा पुसट डाग राहिला. बोअरच्या पाण्याचं पांढरं कडं उमटलं, बोटाला पावडर लागेल असं. मग सायट्रिक ॲसिडचं पाणी थेंबभर टोपाच्या रेघेवर टाकलं. बारीक बुडबुडे आले. चुन्यावर आम्ल पडलं की असंच होतं, त्यामुळे टोपाबद्दल शंका उरली नाही.

बाटलीचं मात्र तितकं सरळ नव्हतं. गळ्याशी न धुतलेल्या जागी तेच पाणी कापसाच्या बोळ्याने लावलं, तर थेंब गोळा होऊन घसरला, थर तसाच. शेजारचा भाग गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने चोळला, विसळला आणि मग बोळा लावला. मिनिटाभराने तिथे स्वच्छ खिडकीसारखा तुकडा दिसू लागला. बहिणीच्या सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. "म्हणजे वर लोणी होतं आणि खाली चुना," त्या म्हणाल्या. अगदी तेच.

बोअरचं पाणी उकळलं की त्यात विरघळलेला चुना घन होऊन खाली बसतो. पाणी दर वेळी बदललं नाही तर प्रत्येक उकळीबरोबर तो दाट होत जातो आणि बाटलीवरही बसतो. आता त्या खरखरीत थरावर दूध लागतं आणि नुसत्या कोमट पाण्याने ते निघत नाही. पुन्हा उकळलं की ते भाजून पक्कं होतं. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेलं उकळणंच त्या घरात थर वाढवत होतं.

गोव्यात सगळीकडे असं पाणी नसतं. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ असतं, पण त्यात लोह असू शकतं. तेव्हा थर पांढरा न दिसता तांबूस-पिवळा दिसतो. लोहाचा डागही सायट्रिक ॲसिडने निघतो, क्रम तोच. म्हणून शेजारणीकडे काय झालं यावरून ठरवू नका, आपल्या घरच्या पाण्याची ताटली वाळवून बघा.

साचलेला थर काढताना

हे काम रोजचं नाही, थर दिसला की करायचं. बाटली, कडं, बूच, हवेची झडप असेल तर ती, सगळं सुटं करा. आधी साध्या, गार पाण्याने विसळा, म्हणजे सैल दूध निघून जाईल आणि उष्णतेने चिकटणार नाही. मग एका स्वच्छ भांड्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब घाला आणि सगळे भाग पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. प्रथिनांची पिवळी रेघ कडक असेल तर त्याच पाण्यात लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घाला. सोडा सौम्य अल्कली आहे, रेघ मऊ पडायला मदत करतो. नंतर बाटलीच्या ब्रशने आत, गळ्याशी आणि आट्यांत घासा. आट्यांसाठी वेगळा बारीक ब्रश ठेवणं मला गरजेचं वाटतं, मोठा ब्रश तिथे जातच नाही.

वाहत्या पाण्याने साबण पूर्ण निघेपर्यंत विसळा. आता बोट फिरवा. ओशट लागत असेल तर पुढे जाऊ नका, साबणाची पायरी पुन्हा करा.

ओशटपणा गेला की एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचं सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात याला लिंबूफूल म्हणतात. बाटल्या त्यात वीस ते तीस मिनिटं ठेवा. बाटली आडवी पडून आत हवा राहणार नाही हे बघा, नाहीतर जिथे हवा तिथे थर तसाच राहतो. सायट्रिक ॲसिड नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात चालतं. घरातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मात्र यासाठी वापरू नका. ते स्वयंपाकाला उत्तम, पण त्याला रंग आणि गाळ असतो आणि वास बुचाला धरून राहतो. आमसुलाचं पाणी आणि चिंच तांब्याच्या भांड्यांसाठी ठेवा.

एक धोका इथेच सांगते. काही घरांत बाटल्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावणात बुडवतात. त्या पाण्यात आंबट काहीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आधीचं पाणी ओतून टाका, भांडं विसळा, मगच दुसरं.

आंबट पाण्यानंतर बाटली पुन्हा साबणाने एकदा धुवा, भरपूर विसळा, मग उकळा. ज्या टोपात उकळता त्याच्या कडेचा चुनाही याच पाण्याने काढा. टोप तसाच ठेवून बाटली स्वच्छ केली तर उपयोग थोडेच दिवस टिकतो. विजेवर चालणारं वाफेचं यंत्र असेल तर त्याच्या तव्यावर हाच पांढरा-तपकिरी थर जमतो. तिथेही सायट्रिक ॲसिडच, प्रमाण यंत्राबरोबरच्या पत्रकात असतं.

मीठ, तांदूळ, राख, नारळाचं सोडण, तारेचा काथ्या यांतलं काहीही प्लास्टिकच्या बाटलीत घालू नका. थर खरवडला जातो, पण ओरखडे राहतात आणि पुढचं दूध त्याच ओरखड्यांत बसतं. काचेच्या बाटलीलाही यांची गरज नाही, ती भिजवल्यावर ब्रशने सहज निघते.

बूच वेगळं धुवायचं

बाटलीपेक्षा बूच जास्त काळजीचं, कारण ते तोंडात जातं आणि त्यात लपायच्या जागा जास्त. उलटं करा, आतली बाजू बाहेर काढा, साबण लावून बोटांनी चोळा. परत सरळ करून त्यात पाणी भरा आणि दाबून भोकातून चिळकांडी काढा. चिळकांडी वाकडी किंवा तुटक येत असेल तर भोकात दूध अडकलेलं आहे. अशा वेळी सुई किंवा टाचणी घालायचा मोह होतो, तो टाळा. भोक मोठं झालं तर दूध भसकन येतं आणि बाळाला ठसका लागतो. बूच गरम साबणाच्या पाण्यात भिजवा आणि पुन्हा दाबून पाणी काढा.

हवेसाठी काही बुचांच्या कडेला बारीक चीर असते. तिच्या दोन्ही ओठांवर दूध सुकतं आणि ती चिकटते. मग बाळ ओढतं, बूच आत चेपतं, आणि सगळ्यांना वाटतं बाळ पीत नाही. ओल्या बोटांत ती चीर धरून हलकेच चोळली की मोकळी होते.

बूच पांढरं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही. पिवळसर रबराचं, म्हणजे लॅटेक्सचं बूच उकळल्यावर पाणी शोषून घेतं आणि दुधाळ दिसतं, पूर्ण वाळलं की पुन्हा पूर्ववत होतं. पारदर्शक सिलिकॉनचं बूच वाळल्यावरही धुरकट राहत असेल तर बहुतेक चरबी बसलेली असते, गरम साबणाच्या पाण्यात भिजवून बघा. लॅटेक्सला आंबट पाण्यात जास्त वेळ ठेवू नका, पाच-दहा मिनिटं पुरे.

टाकून कधी द्यायचं हे हाताने कळतं. प्रत्येक वेळी लावण्याआधी बूच चारही बाजूंनी ओढून बघा. चीर, सैल तुकडा, चिकटपणा, फुगवटा, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी बाद. दात येत असलेलं बाळ असेल तर हे विशेष जपा, चावून तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. काळे ठिपके म्हणजे बुरशी, गुलाबी किंवा नारिंगी बुळबुळीत डाग म्हणजे जिवाणूंची वाढ. बूच किंवा झडप अशी झाली तर धूत बसू नका, फेकून नवी घ्या.

थर पुन्हा बसू नये म्हणून

सगळ्यात मोठा फरक पडतो तो दूध संपल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. रात्रीचं दूध पाजून बाटली उशाशी ठेवली जाते हे मला समजतं, आईला उठवत नाही. निदान त्यातलं उरलेलं दूध ओतून साधं पाणी भरून ठेवा, म्हणजे ते वाळत नाही. उरलेलं दूध पुढच्या वेळी पाजू नका. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात संपलं नाही तर ते फेकायचंच असतं, कारण बाळाची लाळ त्यात मिसळलेली असते.

धुण्यासाठी एक परात किंवा टब फक्त बाटल्यांचा ठेवा. सिंकमध्ये मासळी आणि कच्चं मांस धुतलेलं असतं, तिथे बाटलीचे भाग थेट ठेवू नका. ब्रशही या कामाचाच, आणि तोही धुऊन वाळवलेला.

उकळण्यासाठी पाणी मऊ घ्या. मांद्र्याला बहीण आता सकाळच्या नळाचं पाणी एका कळशीत धरून ठेवते आणि बाटल्यांना तेच वापरते. जिथे बोअरशिवाय दुसरं पाणी नाही, तिथे ते आधी एकदा खळखळ उकळा, गार होऊन गाळ खाली बसू दे आणि वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. उकळण्यातून खाली बसणारा चुना बराचसा पहिल्या भांड्यातच राहतो. या नितळ पाण्यात बाटल्या उकळा. सगळे भाग पूर्ण बुडालेले असावेत, आत हवेचे बुडबुडे नकोत, आणि उकळी आल्यापासून पाच मिनिटं. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे रोज एकदा तरी करा. उकळल्यावर स्वच्छ हातांनी किंवा उकळलेल्या चिमट्याने काढून झटका आणि उपडी ठेवा. पाण्यात भिजत ठेवलेल्या बाटलीवर चुना बसत राहतो, आणि न झटकलेल्या थेंबांचे डाग पडतात. पाणी दर वेळी नवीन.

पावसाळ्यात गोव्यात बाटली वाळणं हीच अडचण होते. जून ते सप्टेंबर ओटा, भिंत, फडकी, सगळंच दमट. फडक्याने आतून पुसू नका, फडक्यावरचं सगळं बाटलीत जातं. भाग सुटेच ठेवून जाळीवर, पंख्याच्या वाऱ्यात वाळवा, आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय झाकण लावून बंद करू नका. बंद ओल्या बाटलीला कुबट वास येतो आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. वाळतच नसेल तर बाटली पाजण्याच्या थोडं आधी उकळा, झटका आणि लगेच वापरा.

एवढं करूनही झडप आणि आट्या स्वच्छ ठेवणं जमत नसेल, घरात माणसं कमी असतील, तर डॉक्टरांशी वाटी-चमच्याने पाजण्याबद्दल बोला. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा म्हणतात, त्यामागचं एक कारण हेच आहे की वाटीला आट्या नसतात, भोक नसतं, आणि ती एका हाताने घासून उकळता येते. बहिणीच्या सासूबाईंनी दिवसाचं एक दूध आता चांदीच्या वाटीने पाजायला घेतलं आहे. त्या वाटीला नक्षी नाही आणि काठ आत वळलेला नाही हे मात्र मी आधी बघून घेतलं.

बाळाला जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर थराचा शोध नंतर. आधी डॉक्टरांकडे जा, आणि वापरात असलेली बाटली-बूच सोबत न्या, काय दिलं आणि कसं धुतलं ते सांगायला सोपं पडतं.